ट्रेनरवरचे 140 वॉट आणि चढत जाणारी हृदयगती

वाचकाचे पत्र

नमस्कार. मी चाळिशीतली सायकलपटू आहे. दर रविवारी चार तासांची राइड करत असे. पण नेहमीच्या रस्त्यावर अवजड वाहनांची वर्दळ फार वाढली आहे आणि सकाळी आठनंतर ऊन सोसवत नाही, म्हणून सायकल घरातच जागच्या जागी चालवता येईल असा ट्रेनर घेतला. रस्त्यावर 140 वॉटवर मी गप्पा मारत कितीतरी वेळ चालवू शकते. ट्रेनरवर मात्र त्याच 140 वॉटवर पहिल्या अर्ध्या तासात हृदयगतीची सरासरी 136 आणि दुसऱ्या अर्ध्या तासात 150 येते, आणि तासाभरात जीव नकोसा होतो. खोलीत फक्त छताचा पंखा आहे. रस्त्यावरची माझी एफटीपी, म्हणजे साधारण तासभर टिकवता येणारी सर्वाधिक ताकद, 200 वॉट आहे. दहा आठवड्यांनी 200 किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब राइड, आहे. माझी तयारी ढासळली आहे का? आणि चार तासांची राइड घरात करायची तरी कशी?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुम्ही दिलेल्या आकड्यांत तयारी ढासळल्याचे लक्षण दिसत नाही. शरीरात तयार होणारी उष्णता बाहेर पडत नसल्याचे लक्षण मात्र स्पष्ट दिसते. 140 वॉटला 136 ने भागले तर 1.03 येतात आणि 150 ने भागले तर 0.93, म्हणजे हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे मिळणारी ताकद दुसऱ्या अर्ध्या तासात सुमारे नऊ टक्क्यांनी घटली. संथ आणि सलग राइडमध्ये ही घट पाच टक्क्यांच्या आत राहिली, तर त्या वेगावरची सहनशक्ती पुरेशी आहे असे प्रशिक्षक सर्वसाधारणपणे मानतात. आता आपल्या जुन्या रस्त्यावरच्या राइडमधला एखादा सपाट, सलग तास निवडून त्याचे असेच दोन भाग करा आणि हेच गणित मांडून पाहा. तिथे घट दोन-तीन टक्केच निघाली, तर शरीर तेच आहे आणि बदलली आहे ती भोवतालची हवा, हे तुम्हाला स्वतःच्याच नोंदींवरून कळेल.

याचे कारण नीट समजून घेतले पाहिजे, कारण पुढचे सगळे नियोजन त्यावरच उभे आहे. सायकल चालवताना शरीर खर्च करते त्या ऊर्जेपैकी साधारण 20 ते 25 टक्केच पेडलपर्यंत पोहोचते आणि उरलेली उष्णता होते. त्यामुळे 140 वॉटवर तुमच्या शरीरात सतत 500 वॉटच्या आसपास उष्णता तयार होत असते. रस्त्यावर ताशी 28 किलोमीटर वेगाने जाताना समोरून सेकंदाला जवळपास आठ मीटर वेगाने वारा येतो, तो ही उष्णता आणि घामाची वाफ दोन्ही वाहून नेतो. खोलीत तुम्ही जागच्या जागी असता. अंगाभोवतीची हवा काही मिनिटांत गरम आणि दमट होते आणि तिथेच राहते. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर शरीरातून सुमारे 2,400 किलोजूल उष्णता निघून जाते, पण जो घाम थेंबाथेंबाने जमिनीवर पडतो तो जवळजवळ काहीच उष्णता नेत नाही. तासाभराची उष्णता केवळ घामावाटे घालवायची म्हटली तर तुमचा पाऊण लिटर घाम अंगावरच वाळायला हवा. ट्रेनरखाली साचलेले पाणी म्हणजे शरीराने केलेली आणि वाया गेलेली मेहनत आहे.

घाम वाळत नाही तेव्हा शरीर त्वचेकडे अधिकाधिक रक्त पाठवते. त्याच वेळी घामातून पाणी गेल्यामुळे रक्तातला द्रव कमी होतो, हृदयाकडे परतणारे रक्त घटते आणि प्रत्येक ठोक्याला पुढे ढकलले जाणारे रक्तही कमी होते. स्नायूंची मागणी मात्र 140 वॉटचीच असते, म्हणून हृदयाला ठोके वाढवावे लागतात. 136 वरून 150 पर्यंतचा चढ हा बहुतांशी याच कारणाने झालेला आहे. अशा स्थितीत ‘सवय होईल’ म्हणून रेटत राहिल्याने पायांना 140 वॉटचाच सराव मिळतो, पण थकवा मात्र एखाद्या कठीण व्यायामाइतका साचतो आणि दुसऱ्या दिवशीचा व्यायामही बिघडतो.

म्हणून पहिला बदल खोलीत करायचा आहे. छताचा पंखा हवा वरून खाली ढकलतो आणि सायकलवर वाकलेल्या माणसाच्या फक्त पाठीला थोडा वारा लागतो. छाती, चेहरा आणि हात, जिथे रस्त्यावर सर्वांत जास्त वारा लागतो, ते कोरडेच होत नाहीत. एक मोठा पेडेस्टल फॅन पुढच्या चाकासमोर, एक ते दीड मीटर अंतरावर, छाती आणि चेहऱ्याकडे रोखून ठेवा, आणि शक्य असेल तर दुसरा बाजूने किंचित मागून पाठ आणि मांड्यांवर वारा येईल असा ठेवा. समोरासमोरच्या खिडक्या किंवा दार उघडे असेल, तर दमट हवा बाहेर जाते. नाहीतर तोच पंखा तीच ओली हवा पुन्हा अंगावर आणतो. बाहेरची हवा खोलीपेक्षा गरम आणि दमट असेल तेव्हा खिडक्या बंद करून वातानुकूलन वापरणे चांगले, कारण ते तापमानाबरोबर हवेतला ओलावाही कमी करते. मात्र वातानुकूलन असले तरी समोरचा पंखा बंद करू नका, कारण थंड पण स्थिर हवेतही घाम वाळण्याचा वेग मंदच राहतो. पंखा घाम सुटल्यावर नव्हे, तर वॉर्म-अपच्या पाचव्या मिनिटालाच पूर्ण वेगाने सुरू करावा. एकदा शरीराचे तापमान चढले की व्यायाम चालू असताना ते खाली आणणे फार अवघड जाते.

हे बदल केल्यावर आधीचाच व्यायाम एकदा पुन्हा करा: तोच एक तास, तेच 140 वॉट, दिवसाची तीच वेळ. समजा पहिल्या अर्ध्या तासाची सरासरी 134 आणि दुसऱ्याची 139 आली, तर गुणोत्तर 1.04 वरून 1.01 वर येते, म्हणजे घट साडेतीन टक्क्यांच्या आसपास राहते आणि प्रश्न सुटलेला असतो. घट अजूनही सात-आठ टक्के असेल आणि अंगावरून पाणी ओघळतच असेल, तर हवा अजून पुरेशी खेळत नाही. पण अंग बऱ्यापैकी कोरडे राहूनही घट तेवढीच असेल, किंवा पहिल्या अर्ध्या तासातली हृदयगतीच रस्त्यापेक्षा बरीच जास्त असेल, तर हे 140 वॉट खरोखर 140 आहेत का, ही शंका घ्यायला हवी.

ही शंका पुष्कळदा खरी निघते. रस्त्यावरचा आकडा पेडल किंवा क्रँकमधल्या पॉवर मीटरचा आणि घरातला आकडा ट्रेनरचा असेल, तर दोन यंत्रांत काही टक्क्यांचा फरक असणे सामान्य आहे. मागचे चाक रोलरवर टेकवायचा ट्रेनर असेल तर फरक आणखी मोठा असू शकतो, कारण टायरमधली हवा, रोलरचा दाब आणि टायर किती तापला आहे या तिन्हींवर तो आकडा अवलंबून असतो. अशा ट्रेनरवर टायरमध्ये दर वेळी सारखाच दाब भरावा, दहा मिनिटे चालवून टायर तापू द्यावा आणि मगच स्पिनडाउन कॅलिब्रेशन करावे, म्हणजे चाक वेगात आणून आपोआप थांबू द्यावे आणि ट्रेनरला त्यावरून आपले मोजमाप जुळवू द्यावे. तुमच्या सायकलवर पॉवर मीटर असेलच, तर घरातही तोच आकडा नोंदवा. दोन्हीकडे मोजमाप एकच असले की अर्धा गोंधळ तिथेच संपतो.

त्यानंतर घरातली एफटीपी वेगळी मोजा. रस्त्यावरचे 200 वॉट घरात लागू करू नका. बऱ्याच सायकलपटूंची घरातली एफटीपी कमी भरते आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. सर्वांत सोपी पद्धत रॅम्प टेस्टची आहे. 100 वॉटपासून सुरुवात करून दर मिनिटाला 20 वॉट वाढवत जायचे आणि पाय चालेनासे होईपर्यंत थांबायचे नाही. शेवटी मिळालेल्या सर्वोत्तम एका मिनिटाच्या सरासरीचे 75 टक्के म्हणजे अंदाजे एफटीपी. समजा ती सरासरी 245 वॉट आली, तर तुमची घरातली एफटीपी सुमारे 184 धरावी. मग तुमच्या लक्षात येईल की सहनशक्तीच्या व्यायामाचा पट्टा, जो एफटीपीच्या 56 ते 75 टक्के मानला जातो, तो घरात 103 ते 138 वॉट इतकाच आहे आणि तुमचे 140 वॉट त्याच्या वरच्या कडेबाहेर पडतात. रस्त्यावर जी राइड निवांत होती ती घरात निवांत नव्हतीच. यापुढे लांब व्यायाम 120 ते 125 वॉटवर करावा, असे मी सुचवेन.

आता चार तासांचा प्रश्न. चार तासांची राइड घरात चार तास करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रस्त्यावरच्या चार तासांत उतार असतात, वळणे असतात, चौकात थांबणे असते, आणि त्या प्रत्येक वेळी पाय काही क्षण मोकळे सुटतात. आपली एखादी जुनी राइड उघडून शून्य वॉटचा एकूण वेळ पाहा. तो अनेकांना वाटतो त्यापेक्षा बराच जास्त निघतो. ट्रेनरवर पेडल थांबले की व्यायामच थांबतो, म्हणून तिथले दोन तास रस्त्यावरच्या दोन तासांपेक्षा अधिक भरीव असतात. पण ते चार तासांच्या बरोबरीचे होतात असेही नाही. म्हणून एका लांब राइडची जागा सलग दोन दिवसांच्या दोन व्यायामांना द्यावी: शनिवारी थोडा कठीण आणि छोटा, रविवारी हलका पण लांब. शनिवारचा थकवा पायांत असताना रविवारी सायकलवर बसणे, हे लांब राइडच्या उत्तरार्धाच्या बऱ्याच जवळ जाते.

शनिवारचा व्यायाम सव्वा तासाचा ठेवा. 15 मिनिटे 90 वॉटपासून 125 वॉटपर्यंत हळूहळू चढत जा. मग एफटीपीच्या 88 ते 92 टक्क्यांवर, म्हणजे तुमच्यासाठी 162 ते 169 वॉटवर, 12 मिनिटांचे तीन टप्पे करा आणि दोन टप्प्यांमध्ये पाच मिनिटे 90 ते 100 वॉटवर चालवा. उरलेला वेळ हलके चालवून थांबा. या टप्प्यांत श्वास वाढतो, एकेक वाक्य बोलता येते पण संभाषण चालू ठेवता येत नाही. इतपत कष्ट अपेक्षित आहे. तिसऱ्या टप्प्याच्या शेवटी अजून तीन-चार मिनिटे करता आली असती असे वाटले, तर आकडा बरोबर आहे. दोन आठवड्यांनी तेच टप्पे 15 मिनिटांचे करावेत. वॉट वाढवण्याची घाई करू नये.

इथे अर्ग मोडबद्दल एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. स्मार्ट ट्रेनर या मोडमध्ये तुमचा केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे फेरे, काहीही असला तरी ठरलेले वॉट धरून ठेवतो, म्हणजे पाय मंदावले की तो प्रतिकार वाढवतो. दमल्यावर केडन्स 85 वरून 70 वर आला की पेडल जड होते, जड झाल्यामुळे तो 55 वर येतो आणि पुढच्या काही सेकंदांत पेडल चिखलात रुतल्यासारखे थांबते. अशा वेळी जोर लावून झगडू नका, गुडघ्यांवर त्याचा ताण येतो. पेडलिंग क्षणभर थांबवा किंवा अर्ग मोड बंद करा, मोकळ्या पायांनी केडन्स 90 पर्यंत न्या आणि मगच प्रतिकार पुन्हा येऊ द्या. हे एकाच व्यायामात दोनदा घडले, तर त्या दिवशीचे वॉट पाच टक्क्यांनी कमी करावेत; आकडा चुकीचा आहे किंवा खोली फार गरम आहे.

रविवारचा व्यायाम सुरुवातीला दोन तासांचा असावा आणि दर दोन आठवड्यांनी अर्धा तास वाढवत तो तीन तासांपर्यंत न्यावा. तीन तासांच्या पुढे ट्रेनरवर जाण्यातून, ब्रेव्हेच्या तयारीच्या दृष्टीने, फारसे हाती लागत नाही. पूर्ण वेळ 120 ते 125 वॉट हा पाया ठेवा, पण प्रत्येक अर्ध्या तासात पाच मिनिटे मोठ्या गिअरमध्ये 60 ते 65 केडन्सने चालवा, म्हणजे चढावरची पायांची हालचाल विसरली जाणार नाही. गुडघ्यात दुखू लागले तर हा भाग सोडून द्या. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहून पेडल मारायला विसरू नका. रस्त्यावर सायकल पायांखाली डावी-उजवीकडे किंचित झुकत असते आणि खड्डा आला की आपण नकळत उठतो. ट्रेनरवर ती घट्ट धरलेली असते आणि सगळा भार सॅडलवरच्या त्याच दोन बिंदूंवर राहतो. तासाभरानंतर होणारी बधिरता बहुतेक वेळा यामुळेच असते, आणि म्हणून सॅडल बदलण्याआधी हे उभे राहणे नियमित करून पाहावे.

पाण्याचा अंदाज मनाने बांधू नका, वजनकाट्यावर मोजा. समजा व्यायामापूर्वी कोरड्या अंगाने वजन 62.0 किलो होते, तासाभरात 600 मिलिलिटर पाणी प्यायले आणि नंतर अंग पुसून वजन 61.6 भरले, तर एकूण एक लिटर पाणी गेले. वजनातली घट दोन टक्क्यांच्या, म्हणजे सव्वा किलोच्या, आत राहील एवढे पाणी पुरेसे आहे. जितके गेले त्याहून जास्त पिणे टाळावे, कारण अतिरिक्त पाण्याने रक्तातले सोडियम धोकादायकरीत्या खाली येऊ शकते. दोन तासांच्या व्यायामात सोडियम असलेले पेय घ्यावे आणि ताशी 40 ते 60 ग्रॅम कर्बोदके खावीत. घरात भूक लागत नाही म्हणून हे टाळले जाते, पण ब्रेव्हेमध्ये पोटाला चालत्या सायकलवर अन्न पचवायचे असते आणि तो सराव इथेच होतो. व्यायाम झाल्यावर हँडलबार, स्टेम आणि हेडसेटभोवतीचा घाम ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. घामातले मीठ टेपखाली आणि बोल्टमध्ये शिरले की धातू आतून गंजतो आणि ते बाहेरून दिसत नाही.

काही दिवशी पंखे असूनही हवा इतकी जड असेल की हृदयगती वीस मिनिटांतच चढू लागेल. त्या दिवशी वॉट सोडून हृदयगतीवर व्यायाम करा: रविवारच्या व्यायामासाठी 140 ही मर्यादा ठरवा, अर्ग मोड बंद ठेवा आणि मर्यादा गाठली की वॉट कमी करत जा, मग ते 105 वर आले तरी हरकत नाही. मात्र चक्कर, मळमळ, उकाड्यात अंगावर येणारा शहारा, डोके ठणकणे किंवा विचारांत गोंधळ यांपैकी काहीही जाणवले तर त्याच क्षणी उतरा, पंख्यासमोर अंग ओले करून बसा आणि घरातल्या कोणाला तरी हाक मारा. विचारांत गोंधळ असेल तर तो उष्माघात असू शकतो, तो निवळण्याची वाट पाहू नका. अंग थंड करत राहून तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी. रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधे चालू असतील, तर त्यांचा हृदयगतीवर आणि शरीरातल्या पाण्यावर परिणाम होतो, म्हणून इथले आकडे वापरण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

दहा आठवड्यांत सगळे काही घरात होणार नाही, हेही सांगितले पाहिजे. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तासांची मुदत असते. त्यातले आठ-दहा तास मान, तळहात आणि कंबर कशी टिकतात, खडबडीत रस्त्यावर सायकल कशी वळते आणि वाऱ्यात पुढे कसे रेटायचे, याचा सराव ट्रेनर देऊ शकत नाही. म्हणून पाचव्या आणि आठव्या आठवड्यात तरी प्रत्येकी पाच ते सहा तासांची राइड बाहेर करावी: उजाडताच निघता येईल आणि ऊन चढण्यापूर्वी बहुतेक अंतर संपेल अशा वेळी, आणि अवजड वाहने कमी असलेल्या रस्त्यावर, मग त्यासाठी सायकल गाडीत घालून दुसरीकडे न्यावी लागली तरी चालेल. त्या आठवड्यात शनिवार आणि रविवारचे दोन्ही व्यायाम वगळावेत.

ब्रेव्हे उन्हाच्या दिवसांतच असेल, तर आणखी एक अडचण उरते. पंख्यांसमोर केलेल्या सरावाने पाय तयार होतात, पण उष्णतेची सवय मात्र लागत नाही, आणि ती लागायला शरीराला साधारण दहा ते चौदा दिवस हवे असतात. शेवटच्या दोन आठवड्यांत, कठीण व्यायामाच्या दिवशी नव्हे तर हलक्या दिवशी, पंखा अगदी मंद ठेवून 45 ते 60 मिनिटे 100 वॉटच्या आसपास चालवा, हृदयगती 140 च्या वर जाऊ देऊ नका आणि घरात कोणी नसताना हा प्रयोग करू नका. सवय लागत असल्याचे तुमच्या नोंदीतच दिसेल: घाम लवकर सुटू लागेल आणि त्याच 100 वॉटवरची हृदयगती दिवसागणिक थोडी थोडी खाली येईल. सहा-सात वेळा करूनही ती खाली आली नाही किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना थकवा राहू लागला, तर हा भाग तिथेच थांबवा, पंखे पुन्हा पूर्ण वेगाने लावा आणि ब्रेव्हेच्या दिवशी दुपारचा टप्पा सुरुवातीपासूनच कमी वॉटवर चालवण्याचे ठरवून निघा.